९९.८३ टक्के अचूक, आणि तरीही निरुपयोगी

सप्टेंबर २०१३ मधल्या दोन दिवसांत युरोपातल्या कार्डधारकांनी केलेल्या २,८४,८०७ व्यवहारांची एक फाइल जगभरच्या डेटा मायनिंगच्या विद्यार्थ्यांच्या संगणकांवर सापडते. ब्रसेल्सच्या एका विद्यापीठातला मशीन लर्निंग गट आणि वर्ल्डलाइन ही कंपनी यांच्या संशोधनातून ती सर्वांसाठी खुली झाली. ग्राहकांची ओळख उघड होऊ नये म्हणून मूळ माहिती गणिती रूपांतर करून `V1` ते `V28` अशा २८ रकान्यांत ठेवली आहे. त्याखेरीज पहिल्या व्यवहारापासून किती सेकंद झाले, रक्कम किती, आणि शेवटी `Class` हा रकाना. त्यात ० म्हणजे नियमित व्यवहार आणि १ म्हणजे फसवणूक.

या सगळ्या गर्दीत फसवे व्यवहार आहेत फक्त ४९२. म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत. वर्गीकरण करणारे मॉडेल तपासायचे कसे, हे शिकायला मला या फाइलीइतके चांगले उदाहरण दुसरे सापडत नाही, कारण नेहमीची मोजपट्टी इथे पहिल्याच पावलाला फसते.

ती अशी. माहितीचे दोन भाग करू: ८० टक्के मॉडेलला शिकवायला, २० टक्के त्याची परीक्षा घ्यायला. फसव्या व्यवहारांचे प्रमाण दोन्हीकडे सारखे राहील अशी वाटणी केली, तर परीक्षेच्या भागात ५६,९६२ व्यवहार येतात. त्यांतले ५६,८६४ नियमित आणि ९८ फसवे. आता असे एक ‘मॉडेल’ घ्या, जे काहीच शिकत नाही आणि समोर येणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला ‘नियमित’ म्हणते. त्याची ५६,८६४ उत्तरे बरोबर येतील. अचूकता, म्हणजे अ‍ॅक्युरसी, भरली ९९.८३ टक्के. पकडलेली फसवणूक शून्य.

म्हणून एका आकड्याऐवजी चार आकडे मागायचे. समजा, आपण खरोखर शिकवलेल्या एका मॉडेलची परीक्षा घेतली आणि निकाल असा आला (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण या फाइलीवर असे निकाल मुळीच अनपेक्षित नाहीत):

```
>>> print(confusion_matrix(y_test, y_pred))
[[56812    52]
 [   20    78]]
```

हाच कन्फ्युजन मॅट्रिक्स. `scikit-learn` या लायब्ररीत आडव्या ओळी प्रत्यक्ष वर्गाच्या असतात, उभे स्तंभ मॉडेलच्या उत्तराचे, आणि ० हा वर्ग आधी येतो. त्यामुळे डावीकडे वर ५६,८१२ नियमित व्यवहार, ज्यांना मॉडेलने नियमितच म्हटले. त्यांच्या शेजारी ५२ खोटे इशारे: व्यवहार चोख होता, पण मॉडेलने संशय घेतला. खालच्या ओळीत निसटलेले २० फसवे व्यवहार आणि पकडलेले ७८. अनेक पाठ्यपुस्तकांत हाच तक्ता फसवणुकीचा वर्ग वर आणि डावीकडे ठेवून काढलेला असतो. तिथले सूत्र पाठ करून इथल्या चौकटींवर लावले, की उत्तर हमखास चुकते. एक सोपी पडताळणी आहे: खालच्या ओळीची बेरीज ९८ यायला हवी, कारण परीक्षेत तेवढेच फसवे व्यवहार होते.

आता दोन प्रश्न विचारता येतात. पहिला बँकेच्या तपासनीसाचा: माझ्या टेबलावर जे इशारे आले, त्यांतले खरे किती? इशारे आले ७८ अधिक ५२, म्हणजे १३०. त्यांतले ७८ खरे. ही प्रिसिजन, ६० टक्के. दुसरा प्रश्न ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याचा: झालेल्या फसवणुकींपैकी तुम्ही पकडल्या किती? ९८ पैकी ७८. हा रिकॉल, जवळजवळ ८० टक्के. या मॉडेलची अ‍ॅक्युरसी ९९.८७ टक्के भरते. काहीच न करणाऱ्या मॉडेलपेक्षा ती ०.०५ टक्क्यानेसुद्धा जास्त नाही, आणि त्या चिमूटभर फरकात ७८ पकडलेल्या चोऱ्या लपलेल्या आहेत.

प्रिसिजन आणि रिकॉल यांची ओढाताण कायमची. मॉडेल मुळात हो-नाही सांगत नाही, ते प्रत्येक व्यवहाराला ० ते १ मधला संशयाचा गुण देते आणि रेघ कुठे मारायची ते आपण ठरवतो. रेघ खाली आणली तर, समजा, ७८ ऐवजी ८५ फसवणुकी हाती लागतील, पण खोटे इशारे ५२ वरून ३४० वर जातील. रिकॉल ८७ टक्क्यांवर चढला, प्रिसिजन २० टक्क्यांवर घसरली. सात जास्तीच्या चोऱ्या पकडायला २८८ जास्तीच्या प्रामाणिक ग्राहकांचे व्यवहार अडवावे लागले. हे परवडते का, याचे उत्तर मॉडेलकडे नाही. चुकलेली एक फसवणूक किती रुपयांची आणि एका इशाऱ्याची शहानिशा किती रुपयांची, यावर ते ठरते. दोन्हींची मिळून एक सरासरी काढणारा एफ-वन हा आकडा अहवालात हमखास दिसतो. आपल्या तक्त्यासाठी तो ०.६८ येतो. तो द्यायला हरकत नाही, पण दोन्ही चुका सारख्याच महागाच्या आहेत असे त्यात गृहीत धरले जाते, आणि ते क्वचितच खरे असते.

ओव्हरफिटिंगची, म्हणजे मॉडेलने नियम शिकण्याऐवजी शिकवलेल्या ओळीच पाठ करण्याची, गोष्टही याच फाइलीवर नीट उलगडते. निर्णयवृक्ष, म्हणजे डिसिजन ट्री, हे मॉडेल घेऊ आणि त्याला हवे तितके वाढू देऊ. शिकवण्याच्या भागात २,२७,८४५ व्यवहार आहेत, त्यांतले ३९४ फसवे. झाड वरच्या पातळीवर अर्थपूर्ण प्रश्न विचारते. `V14` किंवा `V17` ची किंमत फारच कमी आहे का, असा प्रश्न पुष्कळशी फसवणूक एका फटक्यात वेगळी काढतो. पण काही फसवे व्यवहार नियमितांच्या गर्दीत मिसळलेले असतात. झाडाला थांबायचे कुठे हे सांगितलेले नाही, म्हणून ते फांदीला फांदी काढत जाते. शेवटी एखाद्या रकान्याची किंमत अगदी अरुंद पट्ट्यात असेल तर फसवणूक, असा नियम तयार होतो, कारण त्या पट्ट्यात योगायोगाने एकच व्यवहार होता आणि तो फसवा होता. हा नियम फसवणुकीबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त त्या एका ओळीचा पत्ता आहे.

अशा झाडाला शिकवलेल्याच माहितीवर तपासले तर प्रिसिजन १०० टक्के, रिकॉल १०० टक्के. परीक्षेच्या भागावर मात्र समजा त्याने ९८ पैकी ७४ पकडले, २४ सोडले आणि २६ खोटे इशारे दिले. रिकॉल ७५.५ टक्के, प्रिसिजन ७४ टक्के. शंभरावरून इतकी घसरण म्हणजे ओव्हरफिटिंगचा स्पष्ट पुरावा. आता याच दोन निकालांची अ‍ॅक्युरसी काढून पाहा: शिकवण्याच्या भागावर १००, परीक्षेवर ९९.९१. ज्याने फक्त अ‍ॅक्युरसी छापली, त्याला इथे काही बिघडले आहे याचा पत्ताही लागणार नाही. शिकवणी आणि परीक्षा यांतली दरी पाहायची, पण दुर्मीळ वर्गाच्या बाबतीत ती प्रिसिजन आणि रिकॉलमध्ये पाहायची.

झाडाला आवर घालायचा तर `max_depth` ने खोली बांधून द्यायची, किंवा `min_samples_leaf` ने शेवटच्या पानात किमान किती व्यवहार हवेत ते सांगायचे. कोणता आकडा योग्य, हे शिकवण्याच्या भागातच ठरवायचे. त्याचे पाच वाटे करून, दर वेळी चारांवर शिकवून पाचव्यावर तपासायचे. प्रत्येक वाट्यात साधारण ७९ फसवे व्यवहार येतील. परीक्षेच्या भागाला तोवर हात लावायचा नाही. तिथे पुन्हापुन्हा डोकावून सेटिंग बदलत राहिलो, तर आपण त्या ९८ व्यवहारांना अनुरूप असे मॉडेल घडवू लागतो, आणि मग तो भाग परीक्षेचा राहत नाही.

याच फाइलीवर ९९.९ टक्के रिकॉलचे दावेही केले जातात. असा आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारावा: फसव्या ओळींची संख्या वाढवली ती वाटणीच्या आधी की नंतर? वर्ग समान करण्यासाठी ४९२ ओळींच्या नकला करत २,८४,३१५ पर्यंत नेल्या, तर प्रत्येक ओळ सरासरी ५७८ वेळा येते. त्यानंतर ८०-२० वाटणी केली, की जवळजवळ प्रत्येक फसव्या व्यवहाराच्या प्रती दोन्ही भागांत जाऊन बसतात. ओळीचा पत्ता पाठ करणारे आपले ते झाड आता परीक्षेतही शंभर टक्क्यांच्या जवळ पोचते. नकलांऐवजी दोन शेजारी फसव्या व्यवहारांच्या मधला नवा बिंदू रचणारी स्मोट ही पद्धत वापरली, तरी परीक्षेतल्या माहितीची शिकवणीत गळती होतेच, थोडी कमी इतकेच. आधी वाटणी करायची, आणि मग संख्या वाढवायची ती फक्त शिकवण्याच्या भागात.

दुसरी चूक उलट बाजूची. परीक्षेतही दोन्ही वर्ग समान हवेत, म्हणून ९८ फसव्या व्यवहारांसोबत कोणतेही ९८ नियमित व्यवहार घेतले जातात. आपल्या पहिल्या मॉडेलने ५६,८६४ नियमित व्यवहारांत ५२ खोटे इशारे दिले होते, म्हणजे हजारात एकाहूनही कमी. ९८ व्यवहारांत बहुधा एकही मिळणार नाही. प्रिसिजन ६० वरून थेट १०० टक्के! मॉडेलमध्ये तसूभरही बदल झालेला नाही. रिकॉल फक्त फसव्या व्यवहारांवर मोजला जातो, म्हणून तो जागचा हलत नाही. प्रिसिजन मात्र नियमितांची गर्दी किती आहे यावर अवलंबून असते. म्हणून परीक्षेतले प्रमाण प्रत्यक्षात असते तसेच ठेवावे लागते.

आणि आकडे वाचताना त्या ९८ चा विसर पडू देऊ नये. एक फसवणूक इकडची तिकडे झाली की रिकॉल एका टक्क्याने हलतो. ९८ पैकी कोणते पकडले गेले यात योगायोगाचा वाटा धरला, तर आपला ८० टक्के रिकॉल साधारण ७२ ते ८८ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एका मॉडेलचा ८० आणि दुसऱ्याचा ८३ म्हणून दुसरे चांगले, असे या एका परीक्षेवरून म्हणता येत नाही.

शिवाय यादृच्छिक वाटणीत दुसऱ्या दिवशीच्या व्यवहारांवर शिकलेले मॉडेल पहिल्या दिवशीच्या व्यवहारांवर तपासले जाते. बँकेला ही सोय नसते. तिथे काल शिकलेले आज चालवायचे असते, आणि चोरही पद्धती बदलत असतात. या फाइलीत त्यासाठीची तरतूद आहे: `Time` हा रकाना सेकंदांत आहे, तेव्हा ८६,४०० च्या आतले व्यवहार शिकवायला आणि त्यापुढचे परीक्षेला, अशी वाटणी करता येते. दोनच दिवसांच्या माहितीत ही परीक्षा छोटी असली, तरी यादृच्छिक वाटणीचा निकाल आणि हा निकाल शेजारी ठेवून पाहावेत. दुसरा आकडा बराच खाली आला, तर मॉडेल त्या दिवसाच्या खुणांवर पोसले गेले आहे, आणि कन्फ्युजन मॅट्रिक्सची खालची ओळ ते सगळ्यात आधी दाखवते.