मे महिन्यात भेगाळलेला कॉलम

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा पत्र्याच्या छताखाली आहे. दुपारी दीडच्या सुमारास एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीनं हाक मारली, "सर, याले तं भेगा पडल्या!" जाऊन पाहिलं. काचेच्या उभ्या नळीतल्या पांढऱ्या सिलिकात मधोमध आडवी चीर गेली होती. पिवळा पट्टा सरळ खाली उतरायचा सोडून त्या चिरेतून एका अंगानं ओघळत होता. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की पहिला पाऊस रानभर न मुरता भेगेतूनच खाली जातो, अगदी तसं.

तिनं फिनॉलवर सौम्य नायट्रिक आम्लाची क्रिया केली होती. त्यातून दोन नायट्रोफिनॉल बनतात, ऑर्थो आणि पॅरा. दोघांचं रेणुसूत्र एकच, फरक फक्त नायट्रो गट कुठे बसला एवढाच. सोबत थोडं उरलेलं फिनॉल आणि काळा चिकट डांबरासारखा गाळ. यातून एकेक पदार्थ वेगळा काढायचा होता, फ्लॅश कॉलमनं, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून वरच्या दाबानं द्रावक ढकलून.

सिलिकाच्या प्रत्येक कणावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते समोरून येणाऱ्या रेणूला धरून ठेवतात. पॅराचा हायड्रॉक्सिल मोकळा असतो, म्हणून तो सिलिकाला घट्ट चिकटतो. ऑर्थोमध्ये मात्र नायट्रो गट शेजारीच बसलेला असतो. हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन त्या नायट्रो गटाच्या ऑक्सिजनशी बांधला जातो. स्वतःतच गुंतलेला हा रेणू सिलिकाला फारसा धरत नाही आणि द्रावकाबरोबर पुढे निघून जातो. मला रसायनशास्त्रातलं हे फार देखणं उदाहरण वाटतं, कारण रेणूच्या आत काय चाललंय ते इथे डोळ्यांनी दिसतं.

कोणता द्रावक घ्यायचा हे कॉलम भरण्याआधी टीएलसीच्या छोट्या प्लेटवर ठरतं. प्लेटवर तीच सिलिका पातळ थरात पसरलेली असते. खालून पेन्सिलनं रेघ मारायची, केसासारख्या बारीक नळीनं मिश्रणाचा ठिपका ठेवायचा आणि प्लेट झाकण लावलेल्या भांड्यात द्रावकात उभी करायची. रेघ द्रावकात बुडता कामा नये. द्रावक जेवढं अंतर चढला त्याच्या किती हिश्श्यापर्यंत स्पॉट पोचला, तो आकडा म्हणजे आरएफ. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ क्लार्क स्टिल आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली फ्लॅश पद्धत मांडली तेव्हा सांगितलेला नेम आजही धरला जातो: हवा असलेला पदार्थ ०.३५ च्या आसपास यायला हवा. त्याहून फार वर असेल तर कॉलममध्ये तो सगळ्यांसोबतच धावत बाहेर पडतो. फार खाली असेल तर लिटरभर द्रावक ओतला तरी उतरत नाही आणि पट्टा पसरत जातो.

आम्ही आधी पेट्रोलियम इथर आणि इथाइल अ‍ॅसिटेट ७:३ घेऊन पाहिलं. ऑर्थो पार ०.६५ वर, पॅरा ०.३ वर आणि फिनॉल ऑर्थोच्या शेपटीला लागलेलं. इथाइल अ‍ॅसिटेट कमी करून ९:१ केलं तेव्हा ऑर्थो ०.३५ वर आला, फिनॉल ०.२ वर राहिलं आणि पॅरा रेघेपासून जेमतेम हलला. ठरलं तर मग: आधी ९:१ नं ऑर्थो काढायचा, मग हळूहळू ७:३ वर जाऊन पॅरा. पण प्लेटही त्याच दिवशीची हवी. जुलैमध्ये आपल्याकडची दमट हवा लागली की सिलिका पाणी धरते, तिची पकड सैलावते आणि तेच स्पॉट वर चढलेले दिसतात. पावसाळ्यातला आकडा मे महिन्यात चालत नाही.

मिश्रण २५० मिलिग्रॅम होतं. त्याला २० मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी आणि १५ सेंटिमीटर उंचीची सिलिका पुरे, म्हणजे साधारण २४ ग्रॅम. नळीच्या तळाशी कापसाचा छोटा बोळा लागतो. एका मुलानं घरच्या वेचणीचा कापूस आणला होता. तो परत पाठवावा लागला, कारण कच्च्या कापसाच्या तंतूवर मेण असतं, ते द्रावकात विरघळून आपल्या पदार्थात उतरतं. मेडिकलमधला शोषक कापूसच घ्यायचा, आणि तोही ठासून बसवायचा नाही.

आता भेग कशी पडली ते. कॉलम वरून कोरडा पडला असता तर चिरा माथ्यापासून सुरू झाल्या असत्या. इथे चीर मधे होती आणि तिच्या आसपास बारीक बुडबुडे. बाटली पाहिली तर पेट्रोलियम इथर ४०–६०, म्हणजे ४० ते ६० अंशांत उकळणारं, आणि भिंतीवरचा तापमापक ४४ वर. शिवाय कोरड्या सिलिकाला द्रावक लागला की स्वतःची उष्णताही निघते, आणि तिनं कोरडी सिलिका नळीत घालून वरून द्रावक ओतला होता. कॉलमच्या पोटात द्रावक चक्क उकळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा भरलं, या वेळी ६०–८० चं इथर घेऊन. सिलिका हलकी, ती श्वासात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावून मोजली. बीकरमध्ये ९:१ द्रावकात कालवून आंबिलीसारखी पातळ केली आणि बुडबुडे थांबेपर्यंत ढवळली, म्हणजे उष्णता बीकरमध्येच निघून गेली. मग एका दमात नळीत ओतून रबरी नळीनं काचेवर हलकेच टकटक केलं. नायट्रोजनचं सिलिंडर आमच्याकडे नाही. मासे पाळणाऱ्यांचा हवेचा पंप लांब ठेवून त्याच्या नळीनं वरून दाब दिला. सिलिका दबून बसली, वर अर्धा सेंटिमीटर धुतलेली वाळू.

मिश्रण थोड्या इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवून चिमूटभर सिलिकावर सुकवलं आणि ती पिवळी पूड वाळूवर सपाट पसरली. सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवायला लावतो. पूड तिरपी बसली तर पट्टा तिरपाच उतरतो आणि नंतर कितीही चांगला द्रावक घेतला तरी सरळ होत नाही.

सिलिकावरच्या द्रावकाची पातळी मिनिटाला ५ सेंटिमीटर उतरेल एवढाच दाब ठेवला. चाळीसेक सेकंदांत १० मिलिलिटरची एक परीक्षानळी भरते. द्रावक वाढवताना पंपाची नळी झटक्यात काढायची नाही, दाब एकदम सुटला तरी सिलिका फाटते. पिवळा पट्टा नाण्यासारखा सपाट उतरला आणि नवव्या ते बाराव्या नळीत आला. काळा गाळ माथ्यावरच राहिला. मग ८:२, मग ७:३. एकदम उडी मारली असती तर पुन्हा उष्णता आणि पुन्हा बुडबुडे.

पॅरा जवळजवळ रंगहीन, तो कोणत्या नळीत आहे हे डोळ्यांना कळत नाही. प्रत्येक नळीतला एक ठिपका प्लेटवर ठेवून प्लेट अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर धरली की पॅराचे ठिपके झळझळीत पिवळे होतात. तशा नळ्या एकत्र करून द्रावक उडवला तेव्हा ११३ अंशांना वितळणारे स्फटिक मिळाले.

ऑर्थोचे पिवळे स्फटिक तिनं छोट्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवले, कारण तो उडून जातो. दुपारी पारा ४६ वर गेला आणि ती बाटली घेऊन धावत आली, "सर, याचं तं तेल झालं!" ऑर्थोचा वितळणबिंदू ४५ अंश. बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली आणि अर्ध्या तासात काचेच्या कडेनं पिवळ्या सुया पुन्हा धरू लागल्या.