शेतीचे उत्पन्न करमुक्त असूनही आम्ही त्याचा हिशेब का मागतो

आमच्या कार्यालयात दरवर्षी विवरणपत्र भरायला येणाऱ्या ग्राहकांपैकी पुष्कळांची नोकरी हिंजवडी, खराडी किंवा चाकणला असते आणि वडिलोपार्जित जमीन जुन्नर, पुरंदर, शिरूर किंवा बारामतीकडे असते. हे ग्राहक फॉर्म १६, बँकेचे उतारे आणि विम्याच्या पावत्या व्यवस्थित आणतात. शेतीबद्दल विचारले की मात्र बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘ते करमुक्त आहे, ते दाखवायचे नसते.’ यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्यामुळे ग्राहकांचे पैसे जातात आणि ऐन जुलैत आमचा वेळ जातो.

शेतकऱ्याला दिलेली सवलत म्हणून हे उत्पन्न करमुक्त आहे, असा सर्वसाधारण समज आहे, पण मूळ कारण वेगळे आहे. भारतात १८६० साली प्रथम प्राप्तिकर आला तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यातून वगळलेले नव्हते. ते वगळले गेले १८८६ च्या कायद्याने, कारण जमीनधारक त्याच जमिनीवर सरकारला शेतसारा भरतच होता. पुढे १९३५ च्या कायद्याने शेती उत्पन्नावरील कराचा अधिकार प्रांतांकडे दिला आणि संविधानाने तीच वाटणी कायम ठेवली. सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीतील ८२ वी नोंद ‘शेती उत्पन्नाखेरीज इतर उत्पन्नावरील कर’ केंद्राला देते, तर राज्यसूचीतील ४६ वी नोंद शेती उत्पन्नावरील कर राज्यांच्या हाती ठेवते. म्हणजे केंद्राच्या प्राप्तिकराला या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकारच नाही. राज्यांना तो आहे. आसाम आणि केरळसारख्या राज्यांनी चहासारख्या मळ्यांच्या पिकांवर तो वापरला, महाराष्ट्रात मात्र आज असा कर आकारला जात नाही. पाकिस्तानातही हा अधिकार प्रांतांकडेच आहे, आणि तेथील चारही प्रांतांनी २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नवे कायदे करून या कराचे दर वाढवले.

इतर अनेक देश शेती उत्पन्नावर कर घेतात, परंतु त्याचा हिशेब वेगळ्या पद्धतीने करतात. एका वर्षी टोमॅटोला भाव मिळतो, पुढच्या वर्षी तोच माल रस्त्यावर ओतावा लागतो. चढत्या दराचा कर अशा उत्पन्नाला तसाच लावला तर चांगल्या वर्षी शेतकरी वरच्या टप्प्यात जातो आणि वाईट वर्षी त्याला खालच्या टप्प्यांचा पुरता फायदा मिळत नाही. म्हणून अमेरिकेत शेतकऱ्याला यंदाचे शेती उत्पन्न मागील तीन वर्षांत विभागून कर मोजण्याची मुभा आहे. दुसरी अडचण वह्यांची. लहान शेतकरी खर्चाची नोंद क्वचितच ठेवतो, त्यामुळे फ्रान्समध्ये लहान शेतकऱ्याच्या तीन वर्षांच्या सरासरी विक्रीतून ८७ टक्के रक्कम खर्चापोटी सरसकट वजा करतात आणि उरलेल्या १३ टक्क्यांवरच कर घेतात. आपल्याकडे अशी सरसकट वजावट नाही. खर्च आपल्यालाच दाखवावा लागतो, आणि आमच्या मागण्यांचा मुद्दा येथूनच सुरू होतो.

शेतीचे उत्पन्न करपात्र नसले तरी १९७३ च्या वित्त अधिनियमापासून ते इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवण्यासाठी मोजले जाते. आपले निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त आणि इतर उत्पन्न मूळ सूट मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर हा नियम आपल्याला लागू होतो; नव्या करप्रणालीतही तो लागू आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे उदाहरण पाहा. एका अभियंत्याचे प्रमाणित वजावटीनंतरचे करपात्र उत्पन्न १४ लाख आहे आणि जुन्नरच्या जमिनीतून त्याला निव्वळ ४ लाख मिळाले. प्रथम दोन्ही मिळून १८ लाखांवर कर काढायचा: तो नव्या टप्प्यांनुसार १,६०,००० येतो. मग ४ लाखांच्या मूळ सूट मर्यादेत शेतीचे ४ लाख मिळवून ८ लाखांवर कर काढायचा: तो २०,००० येतो. पहिल्यातून दुसरा वजा करून १,४०,००० उरतात आणि ४ टक्के उपकर धरून १,४५,६०० भरावे लागतात. शेती लपवली असती तर हाच कर ९३,६०० आला असता. म्हणजे ५२,००० रुपयांचा फरक पडतो. तो नंतर लक्षात आला तर व्याज वेगळे, आणि जाणूनबुजून लपवल्याचा निष्कर्ष निघाला तर दंडही. याला आडून बसवलेला कर म्हणणारे ग्राहक आम्हाला भेटतात, पण ते पटण्यासारखे नाही. दुसऱ्या पायरीत शेतीच्या ४ लाखांवरचा कर परत वजा होतो. नियमाचा हेतू एवढाच की १८ लाख मिळवणाऱ्याने पगारावर १४ लाखवाल्याचा दर लावून घेऊ नये.

आता सर्वाधिक वेळ खाणारी चूक. शेती सांगितलीच, तर ग्राहक बँकेत जमा झालेल्या रकमांची बेरीज सांगतात. वरच्या उदाहरणातील अभियंत्याच्या पट्ट्यांची बेरीज ६,५०,००० होती. रोपे, खते, औषधे, मजुरी आणि बांबू-तार यांवर २,५०,००० खर्च झाला होता. खर्चाच्या पावत्या आल्या नसत्या तर आम्हाला साडेसहा लाख धरावे लागले असते आणि त्याला तब्बल २८,६०० रुपये अधिक कर भरावा लागला असता. पट्टी वाचतानाही काळजी घ्यावी. मार्केट यार्डातल्या पट्टीवर वर मालाची रक्कम असते, खाली हमाली, तोलाई आणि मोटारभाडे वजा करून तळाशी हाती आलेली रक्कम असते. तळाची रक्कम धरली असेल तर हमाली आणि भाडे पुन्हा खर्चात लिहू नये. याच कारणाने आम्ही मूळ पट्ट्या मागतो; वहीत उतरवलेली बेरीज पुरत नाही.

उत्पन्न कोणाचे, हेही आधी पाहावे लागते. सातबारा वडिलांच्या नावावर असेल आणि शेती तेच करत असतील, तर पैसे मुलाच्या खात्यात आले म्हणून ते मुलाचे शेती उत्पन्न होत नाही. दूध आणि कोंबड्या यांचे उत्पन्नही शेतीचे धरले जात नाही. रोपवाटिकेतील रोपांचे मात्र धरले जाते.

शेवटी फॉर्मविषयी. शेती उत्पन्न ५,००० पेक्षा जास्त असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. ५ लाखांवर गेल्यास जमिनीचा पिनकोड, क्षेत्र एकरांत, मालकीची की खंडाने, बागायत की जिरायत हेही लिहावे लागते. अर्धे विवरणपत्र झाल्यावर शेती निघाली की सारे काम नव्याने करावे लागते. त्यामुळे शेती असलेल्या ग्राहकांसाठी आम्ही थोडे जास्त शुल्क आकारतो आणि त्यात पट्ट्या तपासून वर्षाचा खर्चाचा तक्ता तयार करून देतो. तो पुढील वर्षीही उपयोगी पडतो. सातबारा, पीक पाहणीची नोंद, पट्ट्या, कारखान्याची उसाची बिले आणि खर्चाच्या पावत्या जूनअखेरपर्यंत कार्यालयात पोहोचवाव्यात. पावत्या सुट्या असल्या तरी चालतील, त्या लावण्याचे काम आम्ही करू.