जिग आणि फिक्स्चर: भोकाची जागा कोण ठरवतो?

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांमध्ये तोंडी परीक्षेच्या काळात ‘नग पकडणाऱ्या या दोन साधनांत फरक काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर वर्षानुवर्षे ऐकू येते: ‘जिग हलवता येते आणि फिक्स्चर टेबलाला घट्ट बसवलेले असते.’ परीक्षक मान डोलावतात, विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो आणि चुकीची समजूत आणखी एका तुकडीपर्यंत पोहोचते. हे उत्तर पूर्णपणे खोटे नाही, पण ते लक्षण सांगते, कारण सांगत नाही. त्यावर विसंबून आराखडा केला की ड्रिल मोडते, त्याला वाट दाखवणारा बुश झिजतो आणि साठ नगांपैकी वीस बाद होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

नग पकडण्याबद्दल फारसे सांगण्याची गरज नाही. ज्याने व्हाइसमध्ये पट्टी धरून कधी भोक पाडले आहे, त्याला नग टेकवणे आणि आवळणे ठाऊक असते. व्हाइसच्या जबड्याशेजारी एक स्टॉप बसवून प्रत्येक पट्टी त्याला टेकवली, तर तेवढ्यानेच त्या व्हाइसचे साधे फिक्स्चर होते. जिगमध्येही टेकवण्याचे आणि आवळण्याचे काम याच पद्धतीने होते. खाली तीन टेकू, लांब कडेला दोन पिना, टोकाला एक पिन आणि समोरून दाबणारा क्लँप ही मांडणी दोन्हींकडे सारखीच असते. वजन, आकार आणि किंमत यांवरून जिग व फिक्स्चर वेगळे करणारे तक्ते मला निरुपयोगी वाटतात, कारण दोन हातांनीही न उचलणारी जिग असू शकते आणि तळहातावर मावणारे फिक्स्चरही असू शकते.

खरा प्रश्न एवढाच आहे: भोक कुठे पडायचे, हे कोण ठरवतो? जिगमध्ये ते बुश ठरवतो, म्हणजे जिगच्या वरच्या पाटीत बसवलेली कडक पोलादाची नळी. ड्रिल तिच्यातून खाली उतरते आणि नळी जिथे आहे तिथेच भोक पडते. स्पिंडल एखादा केस इकडेतिकडे असला तरी चालते. फिक्स्चरमध्ये बुश नसतो. तिथे भोकाची जागा मशीन ठरवते आणि फिक्स्चरचे काम नगाला दर वेळी त्याच जागी धरण्यापुरते असते. जागा ठरवणारा एकच असला पाहिजे. दोन ठरवणारे असले की ते एकमेकांशी झगडतात, आणि एकही नसला की भोक वाट्टेल तिथे जाते.

एक नमुना घेऊ. लहान कन्व्हेयर साखळीचे साठ दुवे करायचे आहेत. प्रत्येक दुवा ५० मिमी लांब, २० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड असलेली माइल्ड स्टीलची पट्टी आहे. तिच्यात ६ मिमीची दोन भोके पाडायची आहेत: पहिले टोकापासून १० मिमीवर, दुसरे पहिल्यापासून ३० मिमीवर. साखळी सरळ चालायची असेल तर खरे महत्त्व त्या ३० मिमीला आहे, ते ±०.१ मिमीमध्ये राहिले पाहिजे. टोकापासूनचे अंतर थोडे चुकले तरी साखळी अडत नाही.

कार्यशाळेत पिलर ड्रिल उपलब्ध असेल, तर उत्तर जिग हेच आहे. पिलर ड्रिलच्या टेबलाला ३० मिमी म्हणजे किती हे कळत नाही, स्पिंडल जुने असेल तर त्याला खेळही असतो. म्हणून जागा बुशनेच ठरवायला हवी. पाटीत दोन बुशांमधले अंतर ३० मिमी ±०.०२ ठेवून ती पाटी एकदाच काळजीपूर्वक करून घ्यावी. ती अचूकता पुढे साठ नगांना फुकट मिळते. बुश मात्र कडक केलेलाच हवा. साध्या पट्टीत भोक पाडून त्यालाच बुश म्हणणे मला मुळीच मान्य नाही. ड्रिलच्या कडा ते भोक दहा-वीस नगांतच रुंद करतात आणि जिग आपली एकमेव जबाबदारी गमावते.

आता बुश किती लांब आणि नगापासून किती उंच, हे पाहू. एफ७ या प्रमाणित मर्यादेत केलेल्या ६ मिमीच्या बुशचे भोक जास्तीत जास्त ०.०२२ मिमीने मोठे असते आणि नेहमीचे ड्रिल ०.०१८ मिमीपर्यंत बारीक असते. म्हणजे दोघांमध्ये वाईटात वाईट ०.०४ मिमी मोकळीक राहते. एवढ्या मोकळिकीत ड्रिल नुसते सरकत नाही, ते तिरकेही होते. बुश १२ मिमी लांब असेल आणि त्याच्या व नगाच्या मध्ये ६ मिमी जागा असेल, तर नगाच्या पृष्ठावर ड्रिलचे टोक खऱ्या जागेपासून सुमारे ०.०४ मिमी भरकटू शकते. बुश आखूड करून ६ मिमीचा केला आणि फट तीच ठेवली, तर हाच आकडा ०.०६ होतो. दोन भोके विरुद्ध दिशांना भरकटली, तर १२ मिमीच्या बुशने ०.०८ आणि पाटीतली ०.०२ धरून बरोबर ०.१ होतात; आखूड बुशने मात्र आपण मर्यादेबाहेर जातो. म्हणून बुशची लांबी ड्रिलच्या व्यासाच्या दुप्पट ठेवण्यावर मी ठाम आहे. फट अजून कमी केली तर भरकटणे कमी होईल, पण माइल्ड स्टीलची चिप लांब दोऱ्यासारखी निघते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसेल तर ती बुशमध्येच वर चढते, आतली बाजू घासते आणि बुश अकाली रुंद होतो.

जिगबाबत सर्वांत जास्त घडणारी चूक इथूनच पुढे सुरू होते. एका तुकडीने याच प्रकारची सुबक जिग केली आणि पिलर ड्रिलच्या टेबलाला चार बोल्टांनी आवळून टाकली. मी विचारले तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, हलू नये म्हणून बोल्ट लावले.’ पहिल्याच नगात ड्रिल किंचाळू लागले, तिसऱ्या नगापर्यंत त्याची धार निळसर पडली आणि भोकाचे तोंड एका बाजूला फाकलेले दिसू लागले. स्पिंडलचा मध्य आणि बुशचा मध्य थोडे वेगवेगळे होते आणि बोल्टांमुळे जिगला सरकून जुळवून घेण्याची मुभा राहिली नव्हती. बोल्ट काढले, जिग टेबलावर मोकळी ठेवली, ड्रिल फिरते ठेवून हळूच बुशमध्ये उतरवले, आणि जिग स्वतःहून स्पिंडलखाली येऊन बसली. किंचाळणे थांबले.

मोकळी म्हणजे बेवारस नव्हे. वरून पाहिले असता ड्रिल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे जिगचे कारागिराकडचे टोक डावीकडे जाऊ पाहते. त्या टोकाच्या डाव्या बाजूला टेबलावर एक भक्कम टेकू बसवावा. भोक आरपार होताना ड्रिल नगाला पकडून उचलू व फिरवू पाहते. त्याच क्षणी हा टेकू हात वाचवतो. जिगला पाय हवेत आणि भोकांच्या खाली ८ ते १० मिमी मोकळी जागा हवी, म्हणजे ड्रिल जिगच्या तळाला लागत नाही आणि चिप खाली पडते. पहिले भोक झाले की बुशमधून नगात एक पिन घालून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. दुसऱ्या भोकाच्या वेळी क्लँप थोडा ढिला पडला तरी नग फिरत नाही.

आता तीच साठ नगांची मागणी प्रोग्रॅमवर चालणाऱ्या व्हीएमसी मशीनवर न्या. आता जागा मशीन ठरवणार आहे, म्हणून बुश काढूनच टाकला पाहिजे. टेकू, पिना आणि क्लँप तसेच राहतील, पण हे साधन आता टेबलाला बोल्टांनी घट्ट बसवायचे आणि त्याचा कोपरा डायल गेजने मशीनच्या अक्षाशी जुळवायचा. ज्या पिनांना नग टेकतो त्या कोपऱ्यालाच X-Y चे आणि नगाच्या वरच्या पृष्ठाला Z चे शून्य मानले, तर ३० मिमी अंतर आता पाटीत नव्हे, प्रोग्रॅममध्ये दिसते:

```
G90 G54 S1300 M3
G81 X10. Y10. Z-8. R2. F130
X40.
G80
```

इथे X10 आणि X40 हेच तुमचे दोन बुश आहेत. ड्रिल पृष्ठावर पहिल्यांदा टेकताना घसरू नये म्हणून त्याआधी आखूड, ताठ सेंटर ड्रिलने खूण करावी लागते. बुश ते काम आपोआप करत होता; इथे ते वेगळे करावे लागते.

जुनी जिगच व्हीएमसीवर आवळून वेळ वाचवण्याचा मोह मी अनेकांना झालेला पाहिला आहे. मशीन X10 वर उतरते, बुश मात्र X10.15 वर असतो. पिलर ड्रिलवर मोकळी जिग सरकली असती. इथे जिग बोल्टांनी अडकलेली आणि मशीन प्रोग्रॅमला बांधलेले, त्यामुळे वाकायला उरते फक्त ड्रिल. त्याच्या कडा बुशच्या कडक तोंडावर टवके देतात आणि काही नगांत ते मोडते. बुशमध्ये मोठे ड्रिल चालवून तो मोकळा करा, असा सल्ला काहीजण देतात. तसे केल्यावर बुश असण्याचे कारणच उरत नाही.

याउलट चूक म्हणजे बुश नसलेले सुरेख फिक्स्चर करून ते पिलर ड्रिलवर वापरणे आणि त्याला ‘जिग’ म्हणणे. नग दर वेळी त्याच जागी बसतो खरा, पण ड्रिलला जागा सांगणारे तिथे काहीच नसते. कारागीर पंचाच्या खुणेवर डोळ्यांनी ड्रिल आणतो, म्हणजे फिक्स्चर नसते तरी जे केले असते तेच.

चूक कुठे आहे, हे पहिले पाच नग व्हर्नियरने मोजून बहुतेक वेळा कळते. दोन भोकांमधले अंतर बरोबर असेल आणि दोन्ही भोके मिळून टोकाकडून सरकत असतील, तर जिग असो वा फिक्स्चर, नग नीट टेकलेला नाही: पिनेखाली चिप अडकली आहे, हॅकसॉने कापल्यावर कडेला उरलेली बर काढलेली नाही, किंवा क्लँप नगाला पिनेपासून दूर ढकलतो आहे. भोकांमधले अंतरच बदलत असेल, तर पिना तपासून उपयोग नाही. जिगमध्ये तेव्हा बुश झिजलेला, आखूड किंवा ढिला असतो. फिक्स्चरमध्ये सेंटर ड्रिल गाळलेले असते किंवा ड्रिल चकमधून फार लांब बाहेर काढलेले असते.