मिलिमीटर, मायक्रोमीटर व नॅनोमीटर यांतील रूपांतर

पेशी, पेशीअंगके व विषाणू यांच्या आकारांची तुलना करण्यापूर्वी त्यांची मापे एकाच एककात आणण्याची रीत. १ मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रोमीटर (μm) आणि १ मायक्रोमीटर म्हणजे १,००० नॅनोमीटर (nm). मोठ्या एककाकडून लहान एककाकडे येताना गुणाकार, तर उलट जाताना भागाकार करतात. हजाराचे हे प्रमाण केवळ लांबीला लागू आहे. घनफळाची तुलना विचारल्यास हजाराचा घन, म्हणजे १०० कोटी, घ्यावा लागतो.

मायक्रोमीटरचे ‘मायक्रॉन’ हे जुने नाव व त्याचे μ हे चिन्ह १८७९ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमापे समितीने मान्य केले आणि १९६७-६८ च्या तेराव्या सर्वसाधारण परिषदेने ते रद्द केले. ‘नॅनो’ हा उपसर्ग १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आला. त्याआधीच्या लेखनात तेच अंतर ‘मिलिमायक्रॉन’ (mμ) म्हणून दिलेले आढळते. बोलण्यात मायक्रॉन अजून रुळलेला असला, तरी उत्तरपत्रिकेत μm लिहिणेच इष्ट ठरते. जुन्या ग्रंथातील १०० mμ म्हणजे १०० nm होय. अक्षरांची अदलाबदल करून ते १०० μm असे वाचले, तर विषाणू मानवी अंडपेशीएवढा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतका मोठा ठरतो.

समजा, छायाचित्रात तंतुकणिकेची लांबी ३६ मिलिमीटर भरते, विशालन २०,००० पट आहे आणि ती १०० nm व्यासाच्या इन्फ्लुएंझा विषाणूच्या किती पट लांब आहे, असे विचारले आहे. प्रथम ३६ ला १,००० ने गुणून ३६,००० μm मिळतात. त्याला २०,००० ने भागल्यावर प्रत्यक्ष लांबी १.८ μm, म्हणजेच १,८०० nm, येते. १,८०० ला १०० ने भागले की उत्तर १८ पट.

भागण्याऐवजी विशालनाने गुणल्यास तंतुकणिका ७२० मीटर लांब निघते व चूक लगेच उघडी पडते. पट्टीवरील ३.६ सेंटिमीटरला मिलिमीटर समजून हजाराने गुणण्याची चूक मात्र सहज लक्षात येत नाही, कारण तिचे १८० nm हे उत्तर वरवर पाहता पटण्याजोगे असते. अशा वेळी तंतुकणिकेची रुंदीच सामान्यतः ५०० ते १,००० nm असते हे आठवावे. लांबी त्याहून कमी येत असेल, तर दशांशचिन्ह चुकले आहे असे मानून गणित पुन्हा तपासावे.

छायाचित्र लहानमोठे करून छापल्यास त्याखाली दिलेला विशालनाचा आकडा निरुपयोगी होतो, परंतु चित्रातच रेखलेली मापरेषा चित्राबरोबर बदलत असल्याने विश्वसनीय राहते. २० मिलिमीटर लांबीची मापरेषा ५०० nm दर्शवीत असेल, तर २,००,००,००० ला ५०० ने भागून विशालन ४०,००० पट येते. इन्फ्लुएंझा विषाणूंचा व्यास साधारणपणे ८० ते १२० nm असतो. त्यामुळे वरील १८ पट हे उत्तर स्थूलमानानेच घ्यावयाचे असते.