उतारवयातील पुरुषांमध्ये लघवी तुंबणे

पन्नाशीनंतर पुरुषाची लघवीची धार हळूहळू बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच थांबते, झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते आणि रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. या तक्रारींचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे प्रोस्टेट (पुरःस्थ ग्रंथी) वाढणे. ही वाढ साधी असते, कर्करोगाची नव्हे. ती बहुतेकांना होते : साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, तर ८५ व्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्क्यांच्या. मात्र त्रास सगळ्यांना होत नाही. ज्यांना होतो त्यांतल्या काहींची लघवी एके दिवशी अचानक पूर्ण बंद पडते, आणि काहींची इतकी सावकाश तुंबत जाते की मूत्रपिंडे निकामी होऊ लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा प्रकार घरोघरी हमखास निसटतो, कारण त्यात लघवी होताना दिसत असते.

धार का बारीक होते

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते. वयानुसार तिचा मूत्रमार्गाला लागून असलेला भाग वाढतो आणि वाट आतून आवळली जाते. त्यात ग्रंथीतले व मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायूही आवळून धरतात. म्हणून नुसत्या आकारावरून त्रासाचा अंदाज येत नाही. ८० ग्रॅमची ग्रंथी असलेला माणूस निवांत असू शकतो आणि ३५ ग्रॅमवाल्याची लघवी अडू शकते. सोनोग्राफीच्या अहवालातला ग्रॅमचा आकडा पाहून घाबरणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चूकच.

अडथळा वाढला की मूत्राशयाला जोर लावावा लागतो. सुरुवातीला त्याची भिंत जाड होते आणि तो चिडका बनतो, त्यामुळे थोडी लघवी साठली तरी घाईची कळ येते. पुढे तो थकतो व पूर्ण रिकामा होईनासा होतो. रात्रीच्या उठण्याचा एक हिशेब इथेच मिळतो. समजा मूत्राशयात ४५० मिलिलिटर मावते, पण प्रत्येक वेळी २५० मिलिलिटर आतच राहते. मग नव्या लघवीला जागा उरते २०० मिलिलिटरची. मूत्रपिंडे रात्री तासाला ६०–७० मिलिलिटर लघवी तयार करत असतील, तर ती जागा तीन तासांत भरते आणि माणूस पुन्हा उठतो.

पण रात्रीच्या प्रत्येक उठण्याचा दोष प्रोस्टेटवर टाकू नये. यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे तीन दिवसांची नोंदवही. मापाच्या भांड्यात लघवी करायची, वेळ व मिलिलिटर लिहायचे, काय आणि कधी प्यालो तेही लिहायचे. वयस्कर माणसाची दिवसभरातल्या एकूण लघवीपैकी एक तृतीयांशाहून अधिक लघवी झोपेच्या वेळात होत असेल, तर मूळ दुखणे मूत्राशयात नसून रात्री लघवी जास्त तयार होण्यात आहे. संध्याकाळी पाय सुजतात आणि आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परतते, हे त्याचे नेहमीचे कारण. ही सूज हृदयाच्या अशक्तपणामुळे असू शकते, तशीच रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या गोळीमुळेही. झोपेत घोरताना श्वास अडणे आणि लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेणे ही आणखी दोन कारणे. मधुमेह नियंत्रणात नसेल तर लघवी दिवसरात्र वाढते. अशा माणसाने प्रोस्टेटची गोळी वर्षभर घेतली तरी रात्रीच्या फेऱ्या फारशा कमी होत नाहीत.

तपासणीत डॉक्टर गुदमार्गातून बोटाने ग्रंथी चाचपतात. लघवीची आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणाऱ्या रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करतात आणि सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर आत किती उरली ते मोजतात. धारेचा वेग यंत्रावर मोजता येतो. सेकंदाला १५ मिलिलिटरहून अधिक वेग बहुधा ठीक, १० पेक्षा कमी असेल तर अडथळा किंवा अशक्त मूत्राशय. मात्र त्या वेळी निदान १५० मिलिलिटर लघवी झालेली हवी, नाहीतर आकडा फसवतो.

अचानक लघवी बंद पडणे

हा प्रकार ओळखणे अवघड नाही. लघवीची प्रचंड कळ येते, पण थेंबही उतरत नाही. ओटीपोट फुगून कडक होते, माणूस घामाघूम होतो, ना बसवते ना झोपवते. काठावर असलेल्या मूत्राशयाला बहुतेकदा एखादे निमित्त पुरते : सर्दीची गोळी, बद्धकोष्ठता, मद्यपान, लघवीतला जंतुसंसर्ग, कण्यातल्या इंजेक्शनने भूल देऊन झालेली शस्त्रक्रिया, किंवा फार वेळ लघवी रोखून धरणे. सर्दीच्या गोळीचा वाटा लोकांना माहीत नसतो. तिच्यातले नाक मोकळे करणारे फेनिलएफ्रिन मूत्राशयाचे तोंड आवळते, आणि क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करते. दोन्ही एकाच गोळीत असतात आणि ती दुकानात सहज मिळते.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. वय ७२, चार वर्षांपासून धार बारीक, रात्री तीनदा उठणे. ‘वयच झालं आता’ म्हणून कधी दाखवलेले नाही. सर्दी झाली म्हणून दोन दिवस गोळ्या घेतल्या आणि रात्रीच्या एसटीने मुलाकडे निघाले. गाडी थांबली तेव्हा थंडीत उतरायचा कंटाळा केला. पहाटे पोहोचल्यावर लघवीला बसले तर काहीच होईना. घरच्यांनी ‘पाणी प्या, उतरेल’ म्हणून तांब्याभर पाणी पाजले, धणे-जिऱ्याचे पाणीही दिले. दुपारपर्यंत कळा असह्य झाल्या. वाट बंद असताना पाजलेले प्रत्येक भांडे कळ वाढवते, त्याने लघवी सुटत नाही. खरे तर सकाळीच निघायला हवे होते.

रुग्णालयात मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून १६ क्रमांकाची फोली नळी बसवली (तिची जाडी सुमारे ५.३ मिलिमीटर). आतल्या टोकाशी असलेला फुगा १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्याने फुगवला आणि ९०० मिलिलिटर लघवी बाहेर आली. काही मिनिटांत माणूस शांत झाला. क्रिएटिनिन ठीक होते, सोनोग्राफीत ग्रंथी ५८ ग्रॅम. सर्दीच्या गोळ्या बंद केल्या, टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम रोज रात्री जेवणानंतर सुरू केले. तिसऱ्या दिवशी नळी काढली. पुढच्या काही तासांत त्यांनी २२० मिलिलिटर लघवी केली आणि आत ९० उरली. ही चाचणी पार पडली म्हणायची. काहींच्या बाबतीत नळी काढल्यावर लघवी पुन्हा अडते. मग ती परत घालून गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो.

नळी घालण्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञच हवा असे नाही. ग्रामीण रुग्णालयातही हे काम होते, तेव्हा मोठ्या शहरातल्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. नळी जात नसेल तर जोर लावत राहणे धोक्याचे. मूत्रमार्ग फाटून रक्त येते आणि पुढे तिथे वाट अरुंद होते. अशा वेळी ओटीपोटातून सरळ मूत्राशयात नळी घालतात.

थेंब थेंब लघवी होत असतानाही तुंबणे

या प्रकारात कळ नसते. मूत्राशय महिनोन्‌महिने ताणला जाऊन जुन्या रबरासारखा सैल होतो, आत लिटरभर किंवा जास्त लघवी राहते आणि वरचे तेवढे ओघळत राहते. म्हाताऱ्या माणसाला रात्री अंथरुणात लघवी होऊ लागते, धोतर-पायजमा सतत ओला राहतो आणि घरचे म्हणतात, ‘लघवी तर सारखी होतेय, अडलीय कुठे?’ काही जण कपडे खराब होतात म्हणून पाणी कमी करतात, काहींना लघवी थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात, आणि त्यांनी तुंबणे वाढते. ज्या पुरुषाला या वयात नव्याने अंथरुणात लघवी होऊ लागली, त्याची बेंबीखाली चाचपणी आणि सोनोग्राफी झालीच पाहिजे. बेंबीखाली न दुखणारा गोल फुगवटा लागला तर तो बहुधा भरलेला मूत्राशयच असतो.

आतला दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत जातो, ती फुगतात आणि क्रिएटिनिन वाढते. मळमळ, अन्नावरची वासना जाणे, अंगावर सूज, गुंगी ही लक्षणे दिसू लागली म्हणजे बराच उशीर झालेला असतो. नळी घालून सगळी लघवी एकदम काढली तरी चालते. ती थोडी थोडी सोडावी, असे पूर्वी सांगत, पण त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. पुढचे तास मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात. दाब सुटलेली मूत्रपिंडे भसाभस पाणी व क्षार बाहेर टाकू शकतात. दर तासाला २०० मिलिलिटरहून अधिक लघवी दोन-तीन तास होत राहिली तर रुग्णाला दाखल ठेवून रक्तदाब, सोडियम व पोटॅशियम पाहत सलाइन द्यावे लागते. अशा माणसाची नळी दोन-तीन दिवसांत काढायची घाई करत नाहीत.

त्याच दिवशी, त्याच तासाला

लघवी पूर्ण बंद होऊन कळ आली, तर ‘रात्रभर पाहू’ म्हणू नये. लघवी तुंबलेली असताना थंडी वाजून ताप आला तर जंतू रक्तात पसरण्याची भीती असते आणि उशीर जिवावर बेततो. लघवीत रक्ताच्या गाठी येऊन वाट बंद झाली तर साधी नळी पुरत नाही. मोठ्या नळीतून मूत्राशय धुवावा लागतो. आणि लघवी अडण्यासोबत कंबर दुखत असेल, पाय लुळे पडत असतील, किंवा बसल्यावर जिथे टेकतो त्या जागेची संवेदना गेली असेल, तर दुखणे प्रोस्टेटचे नसून कण्यातल्या नसा दबल्याचे असू शकते. तिथे काही तासांचा फरकही पुढची चाल ठरवतो.

उपचार आणि त्यांच्या मर्यादा

टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या आवळलेले स्नायू सैल करतात. काही दिवसांत फरक पडतो, पण ग्रंथी लहान होत नाही. उठताना चक्कर येऊ शकते, त्यामुळे रात्री पलंगावरून उठताना आधी बसून मग उभे राहावे. वीर्य उलट मूत्राशयाकडे जाते किंवा कमी येते, हे आधी सांगितलेले बरे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर या गोळीबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना नक्की सांगावे, कारण शस्त्रक्रियेत बुबुळाचा पडदा सैल पडतो. गोळी पूर्वी घेऊन बंद केली असली तरी सांगावे. फिनास्टेराइड व ड्यूटास्टेराइड मोठी ग्रंथी लहान करतात. त्यांना सुमारे सहा महिने लागतात, आणि प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या, कर्करोगाच्या शंकेसाठी तपासल्या जाणाऱ्या पीएसए या प्रथिनाचा आकडा त्या निम्म्यावर आणतात. ही गोळी चालू असताना कमी आलेला पीएसए दिलासा देणारा नसतो. उलट लघवी तुंबल्यावर किंवा नळी घातल्यावर तो काही आठवडे वाढलेला राहतो, म्हणून त्या धांदलीत कर्करोगासाठी पीएसए तपासू नये.

लघवी पुन्हा पुन्हा अडणे, मूत्रपिंडांवर परिणाम, मूत्राशयात खडे किंवा वारंवार जंतुसंसर्ग झाला तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला भाग काढतात. लेसरनेही तो सोलून काढता येतो. वाट मोकळी झाली तरी वर्षानुवर्षे ताणलेल्या मूत्राशयाचा जोर कधी कधी परत येत नाही. मग माणसाला दिवसातून तीन-चारदा स्वतः बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवतात.