भागशः पालन व प्रलंबित दावा

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारातील दोन संरक्षक तत्त्वे. पहिले मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३-अ मध्ये आहे. खरेदीखत झाले नसले तरी लेखी कराराच्या आधारे ताबा घेऊन बसलेल्या खरेदीदाराला मूळ मालक हुसकावू शकत नाही, असे ते सांगते. दुसरे कलम ५२ मध्ये आहे. मिळकतीच्या हक्काचा दावा चालू असताना पक्षकाराने ती विकली, तर घेणारा त्या दाव्याच्या निकालाने बांधला जातो. वकिलांच्या बोलण्यात दुसऱ्या तत्त्वाला ‘लिस पेन्डन्स’ हेच नाव रूढ आहे.

उगम. दोन्ही तत्त्वे इंग्लंडच्या समन्याय न्यायालयांतून, म्हणजे कायद्याच्या अक्षरापेक्षा न्याय्यतेकडे पाहणाऱ्या न्यायालयांतून, आली. १६७७ च्या कायद्याने तेथे जमिनीचे करार लेखी असणे बंधनकारक केले. तोंडी करारावर पैसे घेऊन व ताबा देऊन नंतर ‘लेखी काही नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला आळा घालण्यासाठी भागशः पालनाचे तत्त्व घडत गेले. भारतात ते १९२९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले, पण बदललेल्या रूपात. इंग्लंडमध्ये ते तोंडी कराराला आधार देत असे, तर येथे लेखी व सही केलेला करार ही पहिलीच अट आहे. त्यामुळे कलम ५३-अ ला इंग्लिश तत्त्वाची नक्कल म्हणण्यापेक्षा त्याचा मर्यादित अवतार म्हणणे अधिक योग्य ठरेल.

प्रलंबित दाव्याच्या तत्त्वाचा पाया कोणता, याविषयी दोन मते आहेत. जुन्या मतानुसार, चालू दाव्याची माहिती साऱ्या जगाला आहे असे गृहीत धरले जाते, म्हणून खरेदीदार बांधला जातो. १८५७ मधील बेलामी विरुद्ध सेबाइन या खटल्यापासून दुसरे मत प्रबळ झाले. दाव्यादरम्यानच्या विक्रीने निकाल निष्फळ होऊ लागला तर कोणताच दावा कधी संपणार नाही, म्हणून हे तत्त्व गरजेतून आले आहे आणि माहिती असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. भारतीय न्यायालयांनी हेच मत स्वीकारले. मुंबई प्रांताने मात्र १९३९ मध्ये कलम ५२ मध्ये दुरुस्ती करून दावा प्रलंबित असल्याच्या नोटिशीची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी आणली आणि बाद झालेला ‘माहिती’चा विचार परत आणला. नोटिशीत मालकाचे नाव-पत्ता, मिळकतीचे वर्णन, न्यायालय, दाव्याचे स्वरूप व तो दाखल झाल्याची तारीख द्यावी लागते. या दुरुस्तीचा रोख मूळात बृहन्मुंबईकडे होता. अन्य क्षेत्रांतील तिच्या लागूपणावर युक्तिवाद होत आले आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी नोटीस नोंदवून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे, कारण ती अनावश्यक ठरली तरी नुकसान काही नाही. अशी नोंदणी देशभर असावी का, याचा विचार विधी आयोगाने करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सुचवले होते.

सातारा-सांगली भागात. १८८२ चा अधिनियम मुंबई इलाख्यात १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत या संस्थानांत तो आपोआप लागू नव्हता. १९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा, म्हणजे पुढचा सांगली जिल्हा, वेगळा झाला.

साठेखत व ताबा. २००१ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ चा व्यवहार पुरता बदलला. २४ सप्टेंबर २००१ नंतरचे साठेखत, म्हणजे विक्रीचा लेखी करार, नोंदणीकृत नसेल, तर या कलमाचा बचाव मिळत नाही. मुद्रांकावरची इसारपावती कितीही जाडजूड असली आणि तिच्यावर पंचांच्या सह्या असल्या, तरी त्यासाठी ती निरुपयोगी आहे. कराराच्या पूर्ततेच्या दाव्यात मात्र ती पुरावा म्हणून वाचता येते.

येथेच एक घातक सवय आहे. ताबा देणाऱ्या साठेखताला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार खरेदीखताइतके शुल्क लागते. ते वाचवण्यासाठी दस्तात ‘ताबा खरेदीखताचे वेळी देणेचा आहे’ असे लिहितात आणि त्याच दिवशी बांधावर उभे राहून ताबा देऊन मोकळे होतात. पुढे वाद झाला की खरेदीदाराचा स्वतःचा दस्तच त्याच्याविरुद्ध बोलतो. खरे तर आधी भरलेले शुल्क खरेदीखताच्या वेळी वजा होते. म्हणजे तेव्हा वाचवलेले शुल्क पुढे भरावे लागतेच, आणि मधल्या काळातले संरक्षण हातचे जाते.

उदाहरण. समजा, तासगाव तालुक्यातील ४० आर द्राक्षबागेचा २४ लाखांना व्यवहार ठरला. १० मार्च २०१४ रोजी साठेखत नोंदवले, १५ लाख दिले, ताबा घेतला. खरेदीखत वर्षाच्या आत व्हायचे होते. खरेदीदाराने लोखंडी अँगलचा मंडप बदलला, ठिबक टाकले आणि उरलेले ९ लाख तयार ठेवले. मालकाने टाळाटाळ केली. जून २०१६ मध्ये खरेदीदाराने पूर्ततेचा दावा लावला, पण नोटीस नोंदवली नाही. ऑगस्टमध्ये मालकाने तीच बाग तिसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकली.

तिसरा म्हणेल, नोटीस नोंदलेली नव्हती, म्हणून कलम ५२ मला बांधत नाही. दुरुस्ती येथे लागू मानली तर हा मुद्दा वजनदार आहे. तरीही त्याची सुटका सोपी नाही. कलम ५३-अ आणि पूर्ततेचा दावा, दोन्हींत सवलत मिळते ती आधीच्या कराराची माहिती नसलेल्या खरेदीदारालाच. नोंदणीकृत दस्ताची माहिती कायदा गृहीत धरतो. दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक २ मध्ये शोध घेतला असता तर साठेखत दिसलेच असते. प्रत्यक्ष ताबा हीसुद्धा माहितीच मानली जाते. बागेत जाऊन ‘मंडप कोणी घातला’ एवढे विचारले असते तरी पुरे होते. सातबारावर मालकाचेच नाव होते, ही सबब चालत नाही, कारण साठेखताने मालकी बदलत नाही आणि त्याचा फेरफारही मालकी म्हणून होत नाही.

ताब्याचा पुरावा मात्र करारानंतरच्या तारखांचा हवा. मंडप व ठिबकच्या पावत्या, पीकपाहणीतील नोंद, द्राक्ष विक्रीची पट्टी या कामी येतात. पंपाचे वीजबिल जुन्या मालकाच्याच नावे राहिले असेल, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावर येतो.

मर्यादा. ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत, म्हणजे १० मार्च २०१८ पर्यंत, दावा लावला नसता तर पूर्तता मिळाली नसती. तरीही ताबा राखता आला असता. मुदत संपल्याने हा बचाव संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. पण असा खरेदीदार मालक कधीच होत नाही, आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे राहिल्याने बागेवर कर्ज काढणेही त्याला अवघड जाते. कलम ५३-अ ही ढाल आहे. तिच्या आधारे वादी होऊन मालकी मागता येत नाही. करार पाळायची तयारीही त्याला अखेरपर्यंत दाखवावी लागते. ९ लाख जवळ नव्हते असे दिसले तर बचाव ढासळतो.

प्रलंबित दाव्यातील विक्रीही रद्दबातल नसते, केवळ निकालाच्या अधीन राहते. २०१३ च्या निर्णयाने अशा खरेदीदारास दाव्यात सामील करून घेण्याची वाट मोकळी केली. वरील उदाहरणात तिसऱ्याला प्रतिवादी करणे हे वादीच्याच हिताचे आहे. त्याच्याविरुद्ध दावा सिद्ध झाल्यास न्यायालय मूळ मालक व तिसरा खरेदीदार या दोघांनाही खरेदीखतात सही करायला लावते. त्याआधी वादीला उरलेले ९ लाख न्यायालयात भरावे लागतात.