सेव्ह केलेला गेम गेला कुठे? जुन्या कार्ट्रिजमधल्या सेलविषयी थोडं

कार्ट्रिज दुरुस्तीला देणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: गेम नीट चालतो, सेव्हही होतो, पण दुसऱ्या दिवशी लावला की सगळं पहिल्यापासून. कार्ट्रिज बिघडलंय असं वाटतं. खरं तर गेम शाबूत असतो, आतला सेल संपलेला असतो.

गेम ज्या चिपमध्ये असतो तिच्यात कारखान्यात एकदा लिहिलं की नंतर काही लिहिता येत नाही. म्हणून तुमची प्रगती शेजारच्या दुसऱ्या, छोट्या चिपमध्ये जाते. ही एसरॅम चिप. तिच्यात हवं तितक्या वेळा लिहिता येतं, पण वीज गेली की लिहिलेलं पुसलं जातं. कन्सोल बंद असताना तिला जागं ठेवायला बोर्डावर नाण्याएवढा ३ व्होल्टचा लिथियम सेल बसवलेला असतो. अमेरिकेत १९८७ साली आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या कार्ट्रिजमध्ये हीच सोय होती.

एवढासा सेल वर्षानुवर्षं पुरतो, कारण चिप नुसती जागी ठेवायला फारच थोडी वीज लागते. सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. चिपने २ मायक्रोअँपिअर ओढले, तर हिशेब १,१०,००० तासांचा, म्हणजे साडेबारा वर्षांचा होतो. चिप याहून कमी ओढत असेल तर सेल वीस-पंचवीस वर्षंही जातो. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये मात्र त्याच सेलवर घड्याळही चालतं, म्हणून ती कार्ट्रिजं लवकर दगा देतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. खेळताना चिपला वीज कन्सोलकडून मिळते. सेल खर्च होतो तो कन्सोल बंद असताना. त्यामुळे ‘जपून कपाटात ठेवलं होतं हो!’ या म्हणण्याचा सेलवर काही परिणाम होत नाही.

सेल संपलाय हे घरीच ओळखता येतं. गेम सेव्ह करा, कन्सोल बंद न करता रीसेट करा. नोंद दिसते? आता कन्सोल बंद करून दहा मिनिटं थांबा. दोन-चार सेकंदांत परत चालू करून पाहू नका, कारण तेवढा वेळ सेलशिवायही नोंद टिकू शकते. दहा मिनिटांनी ती गेली असेल, तर दोष बहुधा सेलचाच.

नुकत्याच आलेल्या एका कार्ट्रिजचं असंच होतं. सेलवर मोजले तर १.९ व्होल्ट. अशा चिपला नोंद धरून ठेवायला साधारण २ व्होल्ट लागतात, शिवाय वाटेतल्या डायोडवर थोडा व्होल्टेज खर्च होतो. कन्सोलची वीज उलटी सेलमध्ये शिरू नये म्हणून तो डायोड असतो. असा लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं. म्हणजे सेल पुरता मेलेला नव्हता, तरी चिपपर्यंत पुरेसं काही पोचत नव्हतं. उलट मीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. असा सेल शेवटापर्यंत जवळपास तेवढाच दाखवतो आणि मग झपकन उतरतो.

सेल ठणठणीत असतानाही नोंद जाते, ती बंद करतानाच्या गडबडीत. वीज उतरत असताना प्रोसेसर क्षणभर भरकटतो आणि एसरॅममध्ये भलतंच काही लिहून बसतो. म्हणूनच ‘झेल्डा’ रीसेटचं बटण दाबून धरून मग कन्सोल बंद करायला सांगतो: रीसेट दाबलेलं असलं की प्रोसेसर थांबलेला असतो. पुढच्या बऱ्याच कार्ट्रिजांत व्होल्टेज उतरताच एसरॅमचं दार बंद करणारी वेगळी चिप आली.

आणखी एक कारण म्हणजे कार्ट्रिजच्या कडेच्या मळलेल्या संपर्क-पट्ट्या. बरेच गेम सेव्ह करताना सगळ्या आकड्यांची बेरीज सोबत लिहून ठेवतात आणि सुरू होताना ती पडताळतात. पट्ट्या मळल्या असल्या तर वाचनच चुकतं, बेरीज जुळत नाही, आणि काही गेम अशा वेळी न विचारता नोंद पुसून टाकतात. चांगली नोंद अशी हकनाक जाते, म्हणून कार्ट्रिज लावण्याआधी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

सेल बदलायचा असेल, तर नोंद अजून जिवंत आहे का ते आधी सांगा. असेल तर ती रीडर नावाच्या यंत्राने उतरवून घेतो, सेल बदलतो आणि परत भरतो. आधी उतरवून न घेता जुना सेल काढला की सगळं गेलं समजा. नवा सेल आम्ही सोल्डर करायच्या धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला वापरतो. सेलवर थेट सोल्डर केलं तर तो तापून फुटू शकतो. चिकटपट्टीने दाबून बसवलेला सेल हलला की नोंद गेली, त्यामुळे तो उद्योग नको.

गेलेली नोंद मात्र आम्हाला परत आणता येत नाही. ‘पोकेमॉन एमराल्ड’वाल्यांनी घाबरू नये: तिथे नोंद विजेशिवायही टिकणाऱ्या फ्लॅश चिपवर असते, सेल फक्त घड्याळासाठी. सेल संपल्याची सूचना आली तरी गेम खेळता येतो आणि नोंद तशीच राहते.